ड्रॉडाउनची खोली सोसते, पण लांबी सोसत नाही: पाण्याखालचा काळ कसा मोजायचा?

अर्धविराम

एका ट्रेंड फॉलोइंग पद्धतीबद्दल विचारायचं आहे. दहा वर्षांच्या बॅकटेस्टमध्ये परतावा वर्षाला सरासरी १२ टक्के आणि व्होलॅटिलिटीही १२ टक्केच, म्हणजे व्याज वजा न करता शार्प बरोबर १. सर्वांत खोल ड्रॉडाउन १५ टक्के. वीस टक्क्यांपर्यंत सोसायचं, असं आधीच ठरवून पद्धत सुरू केली.

आज खातं शिखरापासून फक्त ९ टक्के खाली आहे, पण नवं शिखर दिसून १७ महिने झाले. बॅकटेस्टमध्ये पाण्याखालचा सर्वांत लांब पट्टा १४ महिन्यांचा होता. खोलीच्या हिशोबाने सगळं मर्यादेत आहे, तरी पद्धत बंद करावीशी वाटते. १७ महिने म्हणजे पद्धत बिघडली असं समजायचं का? आणि सुरू करण्याआधी खोलीबरोबर लांबीचाही अंदाज घ्यायचा असता, तर तो कसा घ्यायला हवा होता?

रोखठोक

यावर सोपा नियम आहे. बॅकटेस्टमधल्या सर्वांत लांब पट्ट्याची दीडपट घ्या. १४ चे २१ महिने होतात. २१ महिन्यांत नवं शिखर आलं नाही तर पद्धत बंद. तोवर पोझिशन निम्मी करा, म्हणजे ड्रॉडाउन लवकर संपेल. खोलीसाठी लोक दीडपट धरतात, मग लांबीला तोच न्याय का नाही?

रानपाखरू

शेअर चांगला असेल तर १७ महिने म्हणजे काहीच नाही. खाली आला की थोडा थोडा घेत राहा, सरासरी भाव खाली येतो आणि सुटका लवकर होते. तोट्यात विकायची घाई करू नका.

अर्धविराम

@रानपाखरू, इथे एखादा शेअर धरून ठेवलेला नाही. सौदे नियमाप्रमाणे येतात-जातात, एकेक सौदा सरासरी पाच-सहा आठवडे चालतो. १७ महिने हे संपूर्ण खात्याच्या मूल्याबद्दल आहेत: मागच्या उच्चांकापासून आजपर्यंत तो उच्चांक पुन्हा ओलांडला गेलेला नाही.

आकडेमोड

तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत, ते आधी सुटे करू. "पद्धत जिवंत आहे का" हा एक. "पद्धत जिवंत असली तरी मी इतका काळ थांबू शकेन का" हा दुसरा. पाण्याखालचा काळ दुसऱ्या प्रश्नाला फार चांगलं उत्तर देतो. पहिल्याला तो उत्तर देतो, पण अगदी हळू. माणसं नेमकं उलट वापरतात.

खोली आणि लांबी एकमेकींपासून किती सुट्या असतात ते अमेरिकेच्या एसअँडपी ५०० मध्ये स्वच्छ दिसतं. १९ फेब्रुवारी २०२० च्या शिखरापासून तो २३ मार्चपर्यंत सुमारे ३४ टक्के पडला आणि १८ ऑगस्टला पुन्हा नव्या उच्चांकावर बंद झाला. एकूण सहा महिने. मग ३ जानेवारी २०२२ च्या शिखरापासून ऑक्टोबरपर्यंत २५ टक्के पडला, आणि नवा उच्चांक आला १९ जानेवारी २०२४ ला. खड्डा आधीपेक्षा उथळ, पण पाण्याखालचा काळ चौपट. फक्त खोलीचा रकाना पाहणारा २०२२ ला सोपं वर्ष म्हणेल.

याचं कारण गणितात आहे. परतावे साधारण स्वतंत्र धरले तर खोली व्होलॅटिलिटीच्या प्रमाणात वाढते, पण लांबी फक्त शार्पवर ठरते, तीही वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. शार्प निम्मा झाला की सगळे काळ चौपट. म्हणून @रोखठोक यांचा पोझिशन निम्मी करण्याचा सल्ला लांबीला लागू पडत नाही. पहिल्या दिवसापासून निम्म्या पोझिशनने चालवलं असतं तर १५ टक्क्यांचा खड्डा साडेसात झाला असता, पण १४ महिने १४ च राहिले असते. परतावा आणि व्होलॅटिलिटी दोन्ही एकाच प्रमाणात घटतात, शार्प तिथेच राहतो.

मधेच निम्मी करणं तर आणखी वाईट. ९ टक्के खाली असलेल्याला शिखर गाठायला ९.९ टक्के कमवावे लागतात. वर्षाला १२ टक्क्यांच्या वेगाने सरासरी दहा महिने. आज पोझिशन निम्मी केली तर वेग ६ टक्के, म्हणजे वीस महिने. खड्डा पूर्ण पोझिशनने खणायचा आणि अर्ध्या पोझिशनने भरायचा, असा हा व्यवहार आहे.

आता तुमचे १४ आणि १७ महिने. शार्प खरोखर १ असलेली पद्धत दहा वर्षं चालवली, तर पाण्याखालचा सर्वांत लांब पट्टा मध्यकाला वीस-एकवीस महिन्यांचा निघतो. १४ महिन्यांच्या आत राहणारे मार्ग साधारण चारातला एक. म्हणजे तुमची बॅकटेस्ट जरा नशीबवान निघाली आणि तुम्ही तिलाच माप समजलात. १७ महिन्यांपेक्षा लांब पट्टा दहा वर्षांत एकदा तरी दिसण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास आहे. २१ महिन्यांची? जवळपास निम्मी. म्हणजे दीडपटीचा नियम दहा वर्षांत निम्म्या धडधाकट पद्धती बंद करायला लावतो. तीन वर्षांचा पट्टासुद्धा पाच-सहा धडधाकट पद्धतींपैकी एकीच्या वाट्याला येतो.

पडताळून पाहायला:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
S, vol, yrs, n = 1.0, 0.12, 10, 5000
m = yrs * 12
r = rng.normal(S*vol/12, vol/12**0.5, (n, m))
eq = np.hstack([np.zeros((n, 1)), r.cumsum(axis=1)])
pk = np.maximum.accumulate(eq, axis=1)
run, best = np.zeros(n), np.zeros(n)
for k in range(1, m + 1):
    run = np.where(eq[:, k] < pk[:, k], run + 1, 0)
    best = np.maximum(best, run)
print(np.percentile(best, [50, 90, 95]))
print((best > 17).mean(), (best > 21).mean())
```

`vol` बदलून बघा, उत्तर हलणार नाही. `S` बदला, लगेच हलेल.

रोखठोक

पोझिशनचं मान्य, ते माझं चुकलं. पण लांबीसाठी थेट सूत्रही आहे, सिम्युलेशनची गरज काय?

`T = (z / S)^2`

९५ टक्के खात्रीसाठी z = 1.645. शार्प १ ला २.७ वर्षं, शार्प २ ला आठ महिने, शार्प ०.५ ला १०.८ वर्षं. यापुढे गेलं की बंद. बेली आणि लोपेझ दे प्रादो यांच्या "ट्रिपल पेनन्स" नियमाच्या मुळाशी हेच आहे: खड्डा तयार व्हायला जितका काळ, त्याच्या तिप्पट तो भरायला.

आकडेमोड

सूत्र बरोबर आहे, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. आजपासून सुरुवात केली तर किती वर्षांनी सुरुवातीच्या रकमेखाली असण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते, ते त्यातून कळतं. सुरुवात एकच, तपासणी एकदाच. दहा वर्षांत मात्र पद्धत कितीतरी शिखरं करते आणि प्रत्येक शिखर ही एका नव्या पट्ट्याची सुरुवात असते. त्यातला सर्वांत लांब निवडला की आकडा वाढणारच. शार्प १ ला दहा वर्षांतल्या सर्वांत लांब पट्ट्याची ९५ टक्क्यांची रेषा २.७ ऐवजी साडेचार वर्षांच्या पुढे जाते.

तिप्पट नियमाचंही तसंच. तो त्या ५ टक्क्यांच्या कडेवरच्या रेषेबद्दल आहे, सूत्रातून बाहेर पडतो म्हणून तिप्पट. प्रत्यक्षातला प्रत्येक खड्डा एकास तीन या प्रमाणात भरत नाही. वरचंच उदाहरण घ्या. २०२० मध्ये पडायला पाच आठवडे आणि भरायला पाच महिने लागले, तर २०२२ मध्ये पडायला नऊ महिने आणि भरायला पंधरा.

संथवाहिनी

मोजणीबद्दल लिहिते, कारण पाण्याखालचा काळ हा खोलीपेक्षा जास्त फसवा आकडा आहे. एकाच खात्याचे चार जण चार आकडे काढू शकतात.

सर्वांत मोठा फरक पडतो तो किती वेळा पाहता यामुळे. शार्प १ च्या पद्धतीत महिनाअखेरीस पाहिलं तर साधारण एक तृतीयांश महिने नव्या शिखरावर संपतात. रोज पाहिलं तर नव्या शिखराचे दिवस आठ-नऊ टक्केच असतात. पद्धत तीच आणि पैसेही तेच, पण रोज खातं उघडणाऱ्याला शंभरातले नव्वदहून जास्त दिवस "आपण खाली आहोत" असंच दिसतं. म्हणून एखाद्याने "माझं खातं ९० टक्के वेळ पाण्याखाली असतं" असं सांगितलं तर आधी विचारावं, रोजचं की महिन्याचं? बॅकटेस्ट महिन्याच्या आकड्यांवर आणि प्रत्यक्ष खातं रोजच्या आकड्यांवर, अशी तुलना तर करूच नये.

दुसरी गोष्ट शिखराची. ट्रेंड फॉलोइंगमध्ये उघड्या पोझिशनचा नफा एखाद्या दिवशी टोकाला जातो आणि बाहेर पडण्याचा नियम लागेपर्यंत त्यातला बराचसा परत जातो. ते टोक शिखर म्हणून नोंदलं गेलं की पुढचे कित्येक महिने त्या एका दिवसाशी तुलना होत राहते. उलटही होतं. तीन वर्षं सपाट गेलेल्या खात्याने मधेच अर्ध्या टक्क्याच्या दशांशाने नवं शिखर केलं, की कागदावर दीड-दीड वर्षाचे दोन पट्टे दिसतात. सोसणाऱ्याला ती तीन वर्षंच होती.

यासाठी मी लांबीच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे ठेवायला सांगते. एक, सरकत्या बारा महिन्यांच्या परताव्यांपैकी किती टक्के शून्याखाली आहेत. शार्प १ ला हे साधारण १६ टक्के यायला हवं, ०.५ ला ३१. एका दिवसाच्या टोकाने हा आकडा फारसा हलत नाही. दोन, अल्सर इंडेक्स. पीटर मार्टिन यांनी १९८७ मध्ये काढलेलं हे माप आहे: रोजच्या ड्रॉडाउनचा वर्ग, त्यांची सरासरी, मग वर्गमूळ. खोली आणि लांबी दोन्ही त्यात उतरतात, कारण जितके दिवस खाली तितक्या वेळा तो आकडा बेरजेत येतो. अर्ध्या टक्क्याने खाली असलेलं वर्ष त्यात नगण्य ठरतं आणि ९ टक्क्यांचं वर्ष ठळक होतं. जीवालाही साधारण तसंच जाणवतं.

शेवटचा, अजून न संपलेला पट्टा अहवालातून गळतो, तेही तपासा. बरीच सॉफ्टवेअर फक्त भरून निघालेले खड्डे मोजतात. अर्धविराम, तुमचे १४ महिने कुठून आले? बॅकटेस्ट संपली तेव्हा ती शिखरावर होती का? आणि ते बंद झालेल्या सौद्यांवरून मोजलेत की रोजच्या बाजारभावाने?

अर्धविराम

आत्ता पाहिलं. बंद सौद्यांवरून होतं. रोजच्या बाजारभावाने काढलं तर सर्वांत लांब पट्टा १६ महिने येतो, आणि बॅकटेस्टच्या शेवटी ५ महिन्यांचा अपुरा पट्टा होता जो अहवालात नव्हता. खात्याचे १७ महिने मात्र रोजच्या भावाने काढलेले आहेत.

संथवाहिनी

म्हणजे १७ विरुद्ध १४ अशी तुलनाच नव्हती, १७ विरुद्ध १६ होती. आणि तो ५ महिन्यांचा अपुरा पट्टा प्रत्यक्ष खात्याच्या सुरुवातीला जोडला गेला असेल तर पहिलं शिखर नेमकं कधीचं धरलंय तेही एकदा बघा.

कोरडवाहू

माझ्या खात्याबद्दल विचारतो. परतावा-व्होलॅटिलिटी जवळपास अर्धविराम यांच्यासारखीच, १२ आणि १२. पण दर महिन्याला खात्याच्या अर्धा टक्का रक्कम घरखर्चाला काढतो. पाण्याखालचा काळ काढलेली रक्कम परत मिळवून मोजायचा, की खात्यात जे दिसतं त्यावरून? दोन्हींत फार फरक येतोय.

आकडेमोड

दोन्ही मोजा, दोन वेगळ्या कामांसाठी. पद्धत कशी चालली आहे हे पाहायचं तर पैसे काढल्या-भरल्याचा परिणाम वगळून, युनिटच्या मूल्यासारखा वक्र काढा. तुम्ही टिकाल का हे पाहायचं तर काढलेली रक्कम वजा झालेला वक्रच खरा, कारण तुमची भांडवलाची ताकद तोच दाखवतो.

फरक मोठा का येतो ते पाहा. महिन्याला अर्धा टक्का म्हणजे वर्षाला ६. बाराचे सहा उरले, व्होलॅटिलिटी बाराच राहिली. तुमच्या पद्धतीचा शार्प १ आहे, पण तुमच्या खात्याचा ०.५. सगळ्या काळांचं माप चौपट झालं. दोन वर्षांनीही सुरुवातीच्या रकमेखाली असण्याची शक्यता शार्प १ ला ८ टक्के, तुम्हाला २४. दहा वर्षांतल्या सर्वांत लांब पट्ट्याचा मध्यक तीन वर्षांच्या आसपास जातो. आणि खात्याच्या टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम काढत असता तर खाली असताना तीच रक्कम जास्त टक्के झाली असती आणि खड्डा आणखी लांबला असता.

यावर पोझिशन वाढवून उपाय होत नाही. खर्चाची रक्कम खात्याबाहेर ठेवणं हा खरा उपाय. किती महिन्यांची, हे वरच्या कोडमध्ये खर्च वजा करून ९० टक्क्यांचा पट्टा पाहून ठरवा.

रोखठोक

मग लांबी कमी करायचा काही मार्गच नाही का?

आकडेमोड

शार्प वाढवणं, एवढाच. प्रामाणिकपणे वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे एकमेकींशी न जुळणाऱ्या दोन पद्धती. प्रत्येकीचा शार्प ०.७ आणि परस्परसंबंध शून्य असेल तर समान जोखमीच्या मिश्रणाचा शार्प जवळपास १ होतो आणि काळ निम्मे होतात. परस्परसंबंध ०.५ असेल तर शार्प ०.८ च्या थोडा वर जातो आणि काळ फक्त पाव हिश्शाने घटतात. एकाच बाजारातल्या दोन वेगवेगळ्या लांबीच्या मूव्हिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे दोन पद्धती नव्हेत, त्यांचे खड्डे एकाच वेळी पडतात.

खर्च कमी करणंही याच खात्यात येतं. स्लिपेज आणि शुल्कात वर्षाला २ टक्के वाचले तर १२ चे १४ होतात, आणि काळ चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त घटतात. खोलीच्या आकड्यात ही बचत फारशी दिसत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही.

आधी "व्होलॅटिलिटीने लांबी बदलत नाही" म्हटलं, त्याला एक मर्यादा आहे. चक्रवाढीत वाढीचा वेग परताव्यातून व्होलॅटिलिटीच्या वर्गाचा अर्धा वजा करून मिळतो. १२ टक्क्यांवर ही वजावट एक टक्क्याहून कमी. हीच पद्धत पाचपट लेव्हरेजने चालवली तर परतावा ६०, व्होलॅटिलिटी ६०, वजावट १८. लांबीपुरता शार्प सुमारे ०.९४ वरून ०.७ वर येतो आणि काळ सुमारे १.८ पट होतात. लेव्हरेज कमी करून लांबी घटत नाही, अति वाढवून मात्र नक्की वाढते.

तिसरीघंटा

मी ऑप्शन विक्रीच्या पद्धती तपासतो, आणि तिथे हे माप उलटं फसवतं. महिन्याला एक टक्का नियमित, पाच वर्षांत सर्वांत लांब पट्टा दोन महिने, बारा महिन्यांचा एकही परतावा शून्याखाली नाही. लांबीच्या निकषावर अशी पद्धत पहिल्या नंबरने पास होते.

मग एका आठवड्यात ३५ टक्के जातात. भरायला ५४ टक्के कमवावे लागतात, महिन्याला एक टक्क्याने ४३ महिने. तेही दर पूर्वीसारखाच राहिला आणि माणूस तितक्याच आकाराने विकत राहिला तर. प्रत्यक्षात अशा धक्क्यानंतर मार्जिन वाढतं, आकार घटवावा लागतो आणि ४३ चे ६० कधी झाले कळत नाही. सामान्य वितरणावर चालणाऱ्या वरच्या कोडमध्ये तो आठवडा येणारच नाही, आणि बॅकटेस्टचे परतावे पत्त्यांसारखे पिसले तरी नाही, कारण तो बॅकटेस्टमध्ये घडलेलाच नसतो. अशा पद्धतीसाठी आधी एक धक्का हाताने घालावा, मग लांबी मोजावी.

आकडेमोड

पूर्ण सहमत. ट्रेंड फॉलोइंगचा स्वभाव उलटा, लांब पट्टे आणि क्वचित मोठा नफा, म्हणून तिथे लांबी हेच मुख्य दुखणं. आणखी एक भर: परताव्यांत महिन्यामागून महिना साखळी असेल, म्हणजे वाईट महिन्यानंतर वाईट महिना येण्याची शक्यता जास्त असेल, तर स्वतंत्र परताव्यांवर काढलेले सगळे काळ कमी निघतात. त्यासाठी बॅकटेस्टचे महिने सुटे न उचलता तीन ते सहा महिन्यांचे सलग गठ्ठे उचलून मार्ग बनवा. सुटे आणि गठ्ठ्यांचे निकाल यांत मोठा फरक दिसला तर साखळी आहे असं समजा.

अर्धविराम

मग सुरू करण्याआधी नेमकं काय करायला हवं होतं, ते क्रमाने सांगाल का?

आकडेमोड

बॅकटेस्टचा शार्प तसाच घेऊ नका. नियम याच आकडेवारीवर घोटून बसवलेले असतात, त्यामुळे तो फुगलेला असतो. १ असेल तर ०.७ धरून चालवा, किती कापायचं हा अंदाजच आहे, पण शून्य कापणं नक्की चूक. ०.७ ला दहा वर्षांतल्या सर्वांत लांब पट्ट्याचा मध्यक सव्वादोन-अडीच वर्षं येतो, आणि दहातल्या एका मार्गात तो पाच वर्षांच्या पुढे जातो. पद्धत घ्यायची की नाही हे या दोन आकड्यांकडे बघून ठरवा, १४ कडे नाही.

मग त्या ९० टक्क्यांच्या आसपासचा एक मार्ग निवडा आणि त्याचे महिनाअखेरचे आकडे एकाखाली एक छापा. पुढचं झाकून ठेवून एकेक ओळ वाचा, शेजारी त्याच काळात नुसतं व्याज किती मिळालं असतं तेही लिहा. कितव्या ओळीला "आता बंद" असं वाटतं, ते टिपा. घरी कागदावर लोक पंचवीस-तिसाव्या ओळीपर्यंत येतात. खऱ्या पैशांनी ते आणखी आधी थांबतील, हे धरून चाला. तुमची ओळ मध्यकाच्या आधी येत असेल तर पद्धत कितीही चांगली असो, ती तुमच्यासाठी नाही. किंवा भांडवलाचा इतका लहान हिस्सा द्या की सपाट वर्षांचा जाच होणार नाही. लांबी त्याने घटणार नाही, पण ती सोसायची किंमत घटेल.

रोखठोक

पण काळावर आधारित थांबा हवाच, नाहीतर मेलेली पद्धत पाच वर्षं पोसत बसाल. समजा शंभर पद्धती सुरू केल्या, त्यातल्या पन्नास खरोखर शार्प १ च्या आणि पन्नास पोकळ, शार्प शून्य. १७ महिन्यांहून लांब पट्टा दहा वर्षांत तीस-एकतीस चांगल्या दाखवतील आणि पोकळ जवळपास सगळ्या. म्हणजे तो पट्टा दिसलेल्यांत चांगल्या अडतीस टक्के. फार काही कळलं नाही, मान्य. पण तीन वर्षांहून लांब पट्टा चांगल्यांपैकी फक्त नऊ-दहा दाखवतील. तिथे चांगल्यांचा वाटा सहातला एक उरतो. एवढ्यावर बंद का करू नये?

आकडेमोड

हा हिशोब बरोबर आहे, आणि दीडपटीपेक्षा खूप चांगला. अडचण त्या पन्नासमध्ये आहे. दोनशे संयोगांतून सर्वोत्तम निवडलेली पद्धत असेल तर पन्नासच्या जागी दहा धरा, मग १७ महिन्यांनाच संशय पुरेसा. आर्थिक कारण माहीत असलेली, अनेक बाजारांत चालणारी पद्धत असेल तर ऐंशी धरा, मग तीन वर्षांनंतरही चांगल्यांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर उरतो. दोन्ही बाजू आपल्याच अंदाजावर उभ्या आहेत. म्हणून मी काळाचा थांबा ठेवत नाही, काळाची घंटा ठेवतो: मध्यक ओलांडला की तपासणी. प्रत्यक्ष स्लिपेज बॅकटेस्टमध्ये धरलेल्याच्या किती पट आहे, बॅकटेस्टने ज्या तारखांना सौदे घेतले असते तेच खात्यात घेतले गेले का, आणि सौदा जिंकण्याचं प्रमाण ढळलंय की फक्त मोठे ट्रेंड आलेच नाहीत. हे आकडे शेकडो सौद्यांवर मिळतात, पट्टा एकच असतो.

तिसरीघंटा

घंटा वाजल्यावर तपासणारा माणूस १७ महिने थकलेला असतो, त्याला हवं तेच तो शोधेल. लिहून ठेवलेला थांबा त्यापेक्षा बरा, मग तो थोडा चुकीचा असला तरी चालेल.

आकडेमोड

त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. तपासणीचे आकडे आणि त्यांच्या सीमा पहिल्या दिवशी लिहून ठेवल्या तर थोडं सावरतं, एवढंच म्हणेन.

अर्धविराम

कोड चालवलं. ०.७ ला मध्यक तुम्ही सांगितला तेवढाच आला आणि छापलेल्या मार्गावर मी बावीसाव्या ओळीला थांबलो, म्हणजे मध्यकाच्या आधीच. त्यामुळे या पद्धतीचा हिस्सा भांडवलाच्या तिसऱ्या भागावर आणायचा विचार आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे आत्ता कमी केलं तर खड्डा पूर्ण आकाराने खणून तिसऱ्या हिश्श्याने भरणार. नवं शिखर येईपर्यंत थांबून मग कमी करायचं, की आजच? इथे कोणी दोन्ही बाजूंचे आकडे मांडले तर बरं होईल. स्लिपेजची तपासणी शनिवारी टाकतो.

संथवाहिनी

आजच, असं माझं मत. नव्या शिखराची वाट पाहणं म्हणजे निर्णय पुन्हा त्या एका दिवसाच्या टोकाला बांधणं. पुढच्या परताव्यांना तुमचं शिखर माहीत नसतं. तरी आकडेमोड काय म्हणतात ते बघा, आणि पहिल्या शिखराची तारीख तपासली का तेही कळवा.